मनोऱ्यावरून सोडलेला दगड पूर्वेला पडतो हे पटलं, पण माझं उत्तर दीडपट का येतंय?

मृण्मयी

उंचावरून दगड नुसता सोडून दिला, ढकलला नाही, तरी तो बरोबर खाली न पडता किंचित पूर्वेला पडतो, हे शाळेत कधीतरी ऐकलं होतं. परवा भाच्याने कारण विचारलं. मी सांगितलं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मनोऱ्याचं टोक पायथ्यापेक्षा पृथ्वीच्या अक्षापासून लांब असतं, म्हणून टोकाचा पूर्वेकडचा वेग जास्त असतो. दगड तो जादा वेग घेऊनच सुटतो आणि पायथ्याला मागे टाकतो. त्याला पटलं, मलाही पटलं.

मग हौसेने एका खऱ्या प्रयोगावर आकडेमोड करून पाहिली आणि तिथेच अडकले. जर्मनीत फ्रायबेर्गच्या खाणीत फर्डिनांड राइश यांनी १८३१ साली उभ्या शाफ्टमध्ये गोळे सोडले होते. उंची १५८.५ मीटर, एकूण १०६ गोळे, आणि सरासरी गोळा पूर्वेला सरकला २८.३ मिलिमीटर.

माझं गणित असं. फ्रायबेर्ग साधारण ५०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे शाफ्टचं तोंड तळापेक्षा सेकंदाला ७.३ मिलिमीटर जास्त वेगाने पूर्वेकडे जातं. हवेचा विरोध सोडून दिला तर गोळा खाली यायला ५.६८ सेकंद लागतात. गुणाकार केला की ४१ मिलिमीटर येतात.

४१ कुठे आणि २८ कुठे! आधी वाटलं गुणाकार चुकला, म्हणून तीनदा केला. मग वाटलं प्रयोगात चूक असेल. पण राइश यांच्या काळातला सिद्धांतही २७.५ मिलिमीटरच सांगतो, म्हणजे प्रयोग आणि सिद्धांत एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. माझ्या उत्तराला दोन तृतीयांशाने गुणलं की बरोबर २७.६ येतात. ते दोन तृतीयांश येतात कुठून? सूत्र नको आहे, ते मिळालं. माझ्या विचारात चूक नेमकी कुठे आहे ते कुणीतरी दाखवा.

अश्विन_क

चूक काही नाही, हवेचा विरोध धरला नाहीत एवढंच. हवा पृथ्वीबरोबर फिरते, गोळा तिच्या पुढे जायला लागला की ती त्याला मागे ओढते. त्यात ४१ चे २८ सहज होतील.

मृण्मयी

अश्विन, मलाही आधी हेच वाटलं होतं. पण २७.५ हे उत्तर हवा न धरताच येतं. आणि गोळा पूर्वेकडे सेकंदाला काही मिलिमीटरच सरकतोय, तेवढ्यावर हवा त्याचा एक तृतीयांश कसा खाईल?

निशिगंध

मला मूळ मुद्दाच कळला नाही. पृथ्वी फिरते म्हणून दगड हलत असेल, तर जमीन पूर्वेकडे सरकून दगड मागे पडायला हवा ना? म्हणजे पश्चिमेला! विषुववृत्तावर जमीन सेकंदाला ४६५ मीटर धावते म्हणतात. हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत ठेवलं तर खालून पृथ्वी निघून का जात नाही?

वेधशाळा

निशिगंध, तुमचा प्रश्न आधी घेतो, मृण्मयीताईंच्या अडचणीचं मूळही त्याच्या शेजारीच आहे.

दगड हातात होता तेव्हा तोही जमिनीच्या वेगानेच पूर्वेकडे जात होता. हात सोडल्यावर तो वेग कुणी काढून घेतला नाही. हेलिकॉप्टर आणि त्याच्याभोवतीची हवा यांचंही तेच. त्यामुळे ते ४६५ मीटर या हिशेबात येतच नाहीत. जमीन दगडाखालून सरकायला हवी, हा पृथ्वी फिरते या म्हणण्यावरचा फार जुना आक्षेप आहे. १६७९ साली न्यूटन यांनी हूक यांना पत्र लिहून तोच उलटा फिरवला: दगड मागे तर पडणार नाहीच, उलट पुढे, पूर्वेला पडेल, आणि तसा पडला तर पृथ्वी फिरते याचा तो पुरावा ठरेल. कारण त्यांनी जवळजवळ मृण्मयीताईंसारखंच दिलं होतं, की उंचावरचा वेग जास्त असतो.

आता ताई, तुमचं कारण. दिशा बरोबर देतं, पण त्यात एक गोष्ट निसटली आहे. शाफ्टचं तोंड तळापेक्षा सेकंदाला ७.३ मिलिमीटर जास्त धावतं हे खरं. पण तोंड तळाच्या पुढे जातं का? वर्षानुवर्षं ते बरोबर तळाच्या वरच आहे. मग हे जादा ७.३ मिलिमीटर जातात कुठे? तोंड मोठ्या वर्तुळावर आहे. तळाच्या बरोबर वर राहायचं, तर त्याला तेवढं जास्त चालावंच लागतं. तो वेग पुढे जाण्यासाठी नाही, बरोबरीत राहण्यासाठी खर्च होतो.

म्हणून गोळा सुटतो त्या क्षणी तो तळाला ‘मागे टाकत’ नसतो. शाफ्टच्या भिंतीच्या दृष्टीने त्याचा पूर्वेकडचा वेग शून्य असतो. तुम्ही मात्र त्याला पहिल्या क्षणापासून ७.३ ची आघाडी दिलीत.

मृण्मयी

थांबा. मग तर उत्तर आणखी कमी यायला हवं. सुरुवातीला शून्य आणि तळाशी पोचताना ७.३, म्हणजे सरासरी कुठेतरी मध्ये. पडण्याचा वेग वाढत जातो म्हणून ती निम्मीही नसेल. मी हिशेब केला, तो ४१ चा एक तृतीयांश निघतो, जवळपास १४ मिलिमीटर. आता मी दुसऱ्या बाजूला चुकतेय!

वेधशाळा

कारण दुसरी चूक अजून तशीच आहे, आणि ती उलट्या दिशेची आहे. गोळा टोकाचा वेग ‘तसाच घेऊन’ खाली येतो असं तुम्ही धरलंत. पण पूर्वेकडचा वेग तेवढाच राहत नाही. खाली येता येता तो वाढतो.

जपला जातो तो वेग नाही, जपला जातो कोनीय संवेग. गुरुत्वाकर्षण गोळ्याला ओढतं, पण त्याची ओढ पृथ्वीच्या अक्षाला छेदणाऱ्या रेषेवर असते. दार बिजागरीच्याच दिशेने कितीही ढकललं तरी फिरत नाही, तसं. अक्षाभोवती पुढे-मागे फिरवणारं काहीच गोळ्यावर काम करत नाही. त्यामुळे त्याचा पूर्वेकडचा वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार पडत असताना तोच राहतो. अंतर कमी झालं की वेग त्याच प्रमाणात वाढलाच पाहिजे.

आता तळाशी पोचलेला गोळा पाहा. अक्षाच्या जवळ आल्याने त्याचा वेग सुटतानाच्या वेगापेक्षा ७.३ ने वाढला आहे. आणि तळाचा वेग तर टोकाच्या वेगापेक्षा मुळातच ७.३ ने कमी आहे. म्हणजे तळाशी गोळा जमिनीपेक्षा सेकंदाला १४.६ मिलिमीटर जास्त वेगाने पूर्वेकडे जातोय.

तुम्ही पूर्ण वेळ ७.३ धरलंत. खरं तर तो वेग शून्यापासून सुरू होऊन १४.६ पर्यंत चढतो.

रानवारा

शून्य ते १४.६ म्हणजे सरासरी ७.३ च झाली की! मग ४१ च बरोबर.

वेधशाळा

सरासरी ७.३ तेव्हा येईल जेव्हा वेग एकसारखा चढेल. तो तसा चढत नाही. पूर्वेकडचा वेग गोळा किती खाली आला आहे यावर ठरतो, आणि खाली येणं सुरुवातीला हळू असतं. निम्मा वेळ संपतो तेव्हा गोळा जेमतेम ४० मीटर खाली आलेला असतो, म्हणजे चौथाच भाग. तेव्हा पूर्वेकडचा वेग फक्त ३.६५ असतो. बराच वेळ तो लहानच राहतो आणि शेवटी शेवटी भरभर वाढतो. अशा चढाची सरासरी ही शेवटच्या आकड्याची एक तृतीयांश असते, म्हणजे ४.८६. तिला ५.६८ सेकंदांनी गुणा.

रानवारा

२७.६. मान्य. माझी सरासरी चुकली.

मृण्मयी

म्हणजे माझ्या दोन चुका होत्या, एक उत्तर फुगवणारी आणि एक आक्रसणारी, आणि दोन्ही मिळून दीडपट झालं. एक चूक दुरुस्त केल्यावर १४ का आले तेही आता कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की कारण बरोबर आहे, फक्त कुठेतरी गुणक राहिलाय.

ज्यांना सूत्र हवं असेल त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. ω म्हणजे पृथ्वीचा कोनीय वेग, φ म्हणजे अक्षांश, t म्हणजे पडायला लागलेला वेळ:

```
d = (1/3) · ω · g · t³ · cos φ
ω = 7.292 × 10⁻⁵ rad/s
```

माझ्या पहिल्या गणितात 1/3 च्या जागी 1/2 होतं.

ओळंबा

धागा मन लावून वाचतोय. मी इमारतींच्या कामावर उभी रेघ धरण्याचं काम करतो, लिफ्टच्या शाफ्टमध्ये वरून खालपर्यंत ओळंबे सोडतो. माझी शंका वेगळी आहे. दगड पूर्वेला सरकत असेल तर ओळंब्याचा लोलकही सरकत असणार ना? एका कामावर साठेक मीटरच्या शाफ्टमध्ये आम्ही दोन ओळंबे सोडले होते आणि त्यांच्या खुणा जुळत नव्हत्या, तीन-चार मिलिमीटरचा फरक येत होता. तेव्हा वारा म्हणून सोडून दिलं. ते हेच होतं का?

वेधशाळा

नाही काका, ते हे नव्हतं. गोळा सरकतो तो अक्षापासूनचं त्याचं अंतर बदलत असतं म्हणून. ओळंबा टांगलेला आहे, स्थिर आहे, त्याचं अंतर बदलत नाही. मग पूर्वेला सरकायचं त्याला कारणच नाही. शिवाय असतं तरी दोन्ही ओळंबे सारखेच सरकले असते, एकमेकांशी त्यांचा फरक पडला नसता. तुमचा फरक शाफ्टमधल्या हवेच्या झोताचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नाहीतर दोरा कुठेतरी टेकला असेल.

पण ओळंब्याचा प्रश्न इथे आलाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. फ्रायबेर्गच्या शाफ्टच्या तोंडापासून थेट पृथ्वीच्या केंद्राकडे रेघ मारली आणि शेजारी ओळंबा सोडला, तर तळाशी ओळंबा त्या रेघेपासून जवळजवळ अर्धा मीटर दक्षिणेला असेल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि त्यामुळेच ती विषुववृत्ताशी फुगलेली असल्यामुळे. आपण मोजतोय २८ मिलिमीटर! म्हणून ‘बरोबर खाली’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. या सगळ्या प्रयोगांत ते ओळंब्याने ठरतं. गोळ्यावरही तोच परिणाम असतो, त्यामुळे तो अर्धा मीटर दोघांच्या हिशेबातून सारखाच निघून जातो. उरतं ते फक्त पूर्वेकडचं सरकणं.

ओळंबा

म्हणजे सगळा प्रयोग ओळंब्यावर उभा आहे. मग तुम्हाला सांगतो, तिथेच चूक होणार. लांब ओळंबा शांत करणं सोपं नसतं. आम्ही लोलक तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतो, तरी खूण करायच्या आधी बराच वेळ थांबावं लागतं. दीडशे मीटरचा दोरा एक झोका पूर्ण करायला किती वेळ घेईल?

रानवारा

मी काढलं, पंचवीस सेकंद.

ओळंबा

आणि तो झोका डोळ्याला दिसतही नाही इतका लहान असतो. दोरा स्थिर आहे असं वाटतं आणि तो सावकाश सरकत असतो. पाच मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी तुमच्या २८ मध्ये ते भरपूर होतात.

वेधशाळा

काका, अगदी हेच घडलेलं आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता गुल्येल्मिनी यांनी १७९१ साली इटलीत बोलोन्याच्या आसिनेल्ली मनोऱ्यातून गोळे सोडले, सुमारे ७८ मीटरवरून, सोळा गोळे. गोळ्याला हाताचा धक्का लागू नये म्हणून तो दोऱ्याला टांगायचा आणि दोरा ज्योतीने जाळायचा. पण ओळंब्याची खूण त्यांनी त्याच दिवसांत घेतली नाही, काही महिन्यांनी घेतली. मधल्या काळात ऋतू बदलला, आणि एवढा उंच विटांचा मनोरा ऊन-थंडीने हलतो. त्यांना पूर्वेला १७ च्या आसपास मिलिमीटर मिळाले, जिथे ११ च्या आसपास यायला हवे होते. आणि त्यावर दक्षिणेलाही १२ मिलिमीटर, ज्यांना कारणच नाही.

अश्विन_क

हाताचा धक्का एवढा महत्त्वाचा असेल का? गोळा १५८ मीटर पडतोय, सुरुवातीच्या इवल्याशा धक्क्याने काय होणार?

मृण्मयी

याचं उत्तर मी देते, मघाशीच करून पाहिलं. सुटताना आडवा वेग सेकंदाला फक्त ५ मिलिमीटर असला तरी ५.६८ सेकंदांत गोळा २८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे राइश जे मोजत होते तेवढंच! सेकंदाला पाच मिलिमीटर म्हणजे घड्याळाच्या लांब सेकंदकाट्याच्या टोकाचा सावकाश वेग. बोटं उघडताना दोनांपैकी एक क्षणभर आधी सुटलं तरी त्याहून जास्त धक्का बसेल.

वेधशाळा

आणि म्हणूनच एका गोळ्याने काही सिद्ध होत नाही. गोळे इतके विखरून पडतात की तो विखुर मोजायच्या अंतराच्या बरोबरीचा, कधी त्याहून मोठा असतो. काही तर पश्चिमेला पडतात. धक्के सगळ्या दिशांना सारखेच बसत असतील तरच सरासरीत ते एकमेकांना खोडतात आणि पूर्वेकडचं सरकणं वर येतं. राइश यांनी १०६ गोळे सोडले ते त्यासाठी. एडविन हॉल यांनी १९०२ साली हार्वर्डमध्ये हाच प्रयोग केला, पण त्यांच्याकडे उंची होती फक्त २३ मीटर. तिथे अपेक्षित सरकणं १.८ मिलिमीटर. त्यांनी ९४८ गोळे सोडले आणि १.५ मिलिमीटर मिळाले.

ताईंच्या प्रश्नाला यातून एक सरळ उत्तर मिळतं. फ्रायबेर्गला ४१ आणि २७.५ यांत १३-१४ मिलिमीटरचा फरक आहे आणि सरासरी २८.३ आली. दोन विचारांपैकी कुठला खरा, ते त्या खाणीने सांगितलं आहे. हॉल यांच्या २३ मीटरांत तोच फरक मिलिमीटरहूनही कमी राहतो. उंची वाढवण्याचा फायदा हा आहे. उंची दुप्पट केली की सरकणं दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होतं.

सायली_र

मी घरी एक करून पाहिलं. रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून दोरा ओवला, वरच्या टोकाला एक नट बांधला, खालचं टोक दुसऱ्या हातात धरलं. नळी उभी धरून नट डोक्यावर गरगर फिरवला आणि खालचा दोरा हळूहळू ओढला. दोरा आखूड होतो तसा नट जोरात फिरायला लागतो, नळीवर बोटांना ते कळतं. ओढ सरळ मध्याकडे आहे, पुढे कुणी ढकलत नाही, तरी वेग वाढतो.

पण त्यातून माझा प्रश्न सुटला नाही, उलट पक्का झाला. पुढे कुणी ढकलत नाही तर वेग वाढतो कसा? ‘गुणाकार जपला जातो’ हे मी मान्य करते, पण ते हिशेबाचं उत्तर झालं. गोळ्यावर बल फक्त खाली आहे. पूर्वेकडचा वेग आला कुठून?

वेधशाळा

सायली, हा प्रश्न मी बरीच वर्षं बाजूला ठेवला होता, मग एकदा नीट बसून सोडवला. पृथ्वीच्या बाहेर, न फिरणाऱ्या जागी उभे राहून पाहा.

गोळा सुटतो तेव्हा ‘पूर्व’ ही एक ठरावीक दिशा आहे आणि ‘खाली’ ही त्याच्याशी काटकोनातली दुसरी. विषुववृत्तावरचा विचार करू, म्हणजे सोपं जाईल. पडताना गोळा पृथ्वीभोवती थोडा पुढे जातो. आता तिथलं ‘खाली’ केंद्राकडे असल्याने मूळच्या खालीपेक्षा किंचित पश्चिमेकडे कललेलं आहे. म्हणजे गुरुत्वाकर्षण गोळ्याचा मूळ पूर्वेकडचा वेग थोडा कमीच करतंय. इथे सायलीचा संशय बरोबर आहे, पूर्वेला ढकलणारं कुणीच नाही, उलट मागे ओढणारं आहे.

पण ‘पूर्व’सुद्धा कलली आहे. गोळा पुढे गेला तशी तिथली पूर्व मूळच्या पूर्वेपेक्षा किंचित खाली झुकली. आणि गोळ्याकडे खाली जाण्याचा वेग तर भरपूर आहे. त्या खाली जाण्याचा एक बारीक हिस्सा नव्या पूर्वेच्या दिशेने मोजला जातो. हा हिस्सा मागे ओढल्या गेलेल्या वेगाच्या दुप्पट भरतो. दोन्ही मिळून वेग वाढलेलाच दिसतो, बरोबर कोनीय संवेग सांगतो तेवढा.

म्हणजे पूर्वेकडचा वेग पडण्याच्या वेगातूनच आला. तुमच्या नटाचंही तेच. दोरा ओढताना नट आत सरकत असतो, आणि वर्तुळावर पुढे जाता जाता त्या आत सरकण्याचा थोडा भाग ‘पुढे’ या दिशेत वळतो.

सायली_र

दोनदा वाचलं, मग कागदावर वर्तुळ काढून दोन ठिकाणी बाण काढले. आता दिसतंय. दिशाच वळतात, मला वाटत होतं फक्त गोळा वळतो.

मृण्मयी

या वाटेनेही माझं ४१ दुरुस्त होतं का? म्हणजे मूळच्या पूर्वेच्या दिशेतच राहून, कोनीय संवेगाचं नाव न घेता?

वेधशाळा

होतं, आणि फार सुबक होतं. तुमचे ४१.४ हे ‘वेग बदलला नाही’ असं धरून आले. त्यातून मागे ओढल्यामुळे गमावलेलं अंतर वजा करा. ती ओढ सुरुवातीला शून्य असते आणि वेळेबरोबर वाढते. तिच्यामुळे गोळा तुमच्या अंतराच्या एक तृतीयांश मागे राहतो, म्हणजे १३.८. वजाबाकी करा, २७.६.

न्यूटन यांच्या पत्रातलं कारण इथेच अपुरं होतं. दिशा बरोबर, पण खालीची दिशा पडता पडता वळते हे त्यात नव्हतं. योग्य गुणक घेऊन हिशेब १८०३ साली झाला, गाउस आणि लाप्लास या दोघांनी वेगवेगळा केला. निमित्त होतं बेंझेनबेर्ग यांचा प्रयोग, हॅम्बर्गच्या सेंट मायकेल चर्चमधला, १८०२ सालचा. ७६ मीटर उंची, ३१ गोळे, पूर्वेला ९ मिलिमीटर, आणि हिशेबाने ८.७.

निशिगंध

आता मला कळायला लागलंय, म्हणून विचारायचं धाडस करतो. दगड सोडण्याऐवजी जमिनीवरून सरळ वर फेकला तर? वर जाताना पश्चिमेला सरकेल, खाली येताना पूर्वेला, आणि बरोबर हातात परत येईल. असंच ना?

रानवारा

हो, दोन्ही खोडले जाणार.

वेधशाळा

नाही, इथे मीही पहिल्यांदा फसलो होतो. कोनीय संवेगाने विचार करा. फेकताना दगडाचा कोनीय संवेग जमिनीवरचा आहे. जमिनीपासून तो जितका वर, तितका अक्षापासून लांब, तितका तो मागे पडतो. वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा तो जमिनीच्या वरच असतो. म्हणजे सगळा वेळ तो पश्चिमेकडेच सरकत असतो. सगळ्यात वर असताना ते सरकणं सगळ्यात जोरात असतं आणि जमिनीवर परत येताना शून्य होतं. तो पश्चिमेलाच पडतो, आणि तेवढ्याच उंचीवरून नुसता सोडला असता तर पूर्वेला जितका सरकला असता त्याच्या चौपट.

मनोऱ्यावरून सोडलेला दगड टोकावर ‘बरोबरीत’ असतो आणि खाली येताना पुढे जातो. फेकलेला दगड टोकावर पोचतो तेव्हा आधीच मागे पडत असतो. खाली येतानाचा प्रवास दिसायला सारखा, पण सुरुवात सारखी नाही.

निशिगंध

म्हणजे माझं पहिल्या प्रतिसादातलं ‘पश्चिमेला’ इथे खरं ठरलं, पण कारण वेगळंच होतं.

अश्विन_क

खोल खाणीत हे सरकणं एवढं वाढत असेल तर गोळा भिंतीला लागत असेल की.

वेधशाळा

लागतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या टॅमरॅक तांब्याच्या खाणीत १९०० च्या सुमारास सव्वा किलोमीटरहून खोल शाफ्टमध्ये गोळे सोडले तेव्हा ते तळापर्यंत पोचलेच नाहीत. १३०० मीटर आणि ४७ अंश अक्षांश धरून ताईंचं सूत्र चालवा, ७० सेंटिमीटर येतात. मधोमध सोडलेल्या गोळ्याला पूर्वेची भिंत गाठायला एवढं पुरतं. मात्र इतक्या खोल गोळ्याचा वेग फार वाढतो आणि हवेचा विरोध सोडून चालत नाही, म्हणून ७० हा फक्त अंदाज समजा. अश्विन, तुमची हवा इथे खरोखर लागते.

ओळंबा

मला दक्षिणेचं कुणी नीट सांगा. गुल्येल्मिनींना १२ मिलिमीटर दक्षिणेला मिळाले, ते ओळंब्याच्या चुकीचे म्हणून सोडू. पण इतरांना?

वेधशाळा

बेंझेनबेर्ग यांनाही हॅम्बर्गला दक्षिणेला ३ मिलिमीटरहून थोडे जास्त मिळाले. हिशेबाने दक्षिणेकडचं सरकणं आहे, पण फ्रायबेर्गच्या उंचीलाही ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहतं, ते या गोळ्यांत दिसणं शक्य नाही. हॉल यांना ९४८ गोळ्यांच्या सरासरीत दक्षिणेला ०.०५ मिलिमीटर आले, तेही त्यांच्या २३ मीटरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. चूक कुठल्याही दिशेला व्हायला हवी, मग ती पुन्हा पुन्हा दक्षिणेलाच का, याचं माझं समाधान करणारं उत्तर मला मिळालेलं नाही. मी स्वतः ते मोजमापाच्या चुकीत धरतो.

ओळंबा

उंच बांधकाम उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या बाजूने तापतं. तापलेली बाजू लांबते आणि टोक उत्तरेला झुकतं. ओळंब्याची खूण एका वेळेला आणि गोळे दुसऱ्या वेळेला, असं झालं तर उत्तर-दक्षिण फरक एकाच बाजूला येऊ शकतो, दरवेळी. आम्ही उंच कामावर खुणा पहाटेच घेतो ते याचसाठी. पण हॉल यांचा प्रयोग घरात झाला असेल तर तिथे हे लागू नाही.

वेधशाळा

मनोऱ्यांसाठी हे मला पटतंय काका. फ्रायबेर्गची खाण जमिनीखाली होती, तिथे ऊन नाही, आणि पूर्वेचा आकडा तिथेच इतका नेमका आला. चर्चचा शिखराचा भाग किती हलत असेल याचा काही अंदाज तुम्हाला आहे का?

ओळंबा

विटांच्या आणि दगडाच्या कामाचा मला हात नाही, मी काँक्रीटवर काम केलंय. तिथे ऐंशी मीटरला सकाळ-दुपारमध्ये काही मिलिमीटर मी स्वतः मोजलेत. पुढच्या कामावर दोन्ही वेळच्या खुणा दिशेसकट लिहून ठेवतो आणि इथे टाकतो.

मृण्मयी

काका, जरूर टाका. भाच्याला मी आज पुन्हा बसवलं आणि सांगितलं की आधी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. त्याने नट आणि पेनची नळी घेतली आहे, आणि आता तो विचारतोय की दोरा ओढण्याऐवजी हळूहळू सैल सोडला तर नट मागे पडताना दिसेल का. सायली, तुम्ही तसं करून पाहिलंत का?

सायली_र

पाहिलं नव्हतं, आत्ता केलं. दोरा सोडला की नट मंदावतो, स्पष्ट दिसतं. पण नळीच्या कडेला दोरा घासतो, त्यामुळे परत ओढल्यावर पहिला वेग पूर्ण येत नाही. त्याला नळीच्या कडेला थोडं मेण लावायला सांगा.